जोडउच्चार व दुर्बल रूपे (धाराशिव जिल्ह्यातील मराठी)

जोडउच्चार म्हणजे सलग बोलताना एका शब्दाचा शेवट पुढील शब्दाच्या आरंभाला जोडून होणारा उच्चार होय. दुर्बल रूप म्हणजे आहे, होता, लागला यांसारख्या वारंवार येणाऱ्या साहाय्यक शब्दांचे, जलद बोलण्यात आघात न मिळाल्यामुळे झिजून लहान झालेले रूप होय. हे दोन्ही प्रकार जगातील बहुतेक बोलल्या जाणाऱ्या भाषांत आढळतात. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार महाराष्ट्रातील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील मराठीच्या आधारे केला आहे. या भागातील ध्वनिमुद्रित संभाषण प्रथमच ऐकणाऱ्यास ते "फार भरभर" वाटते. प्रत्यक्षात अडचण वेगाची कमी आणि रूपांची अधिक असते. ऐकणारा "गेला होता" ही चार अक्षरे शोधत असतो आणि ध्वनिमुद्रणात मात्र "गेलता" ही तीनच अक्षरे असतात. ही रूपे मोजकी व नियमित असल्याने ती एकदा ओळखीची झाली की तेच ध्वनिमुद्रण त्याच वेगात पुष्कळ सुबोध होते.

## पार्श्वभूमी

लेखनात दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा सोडली जाते. बोलण्यात तशी जागा नसते. एका श्वासात उच्चारलेले वाक्य हा ध्वनींचा अखंड प्रवाह असतो. त्यात जी अतिसूक्ष्म शांतता आढळते ती बहुधा शब्दांच्या मधे नसून शब्दांच्या आतच असते, कारण प, त, ट, क यांसारखी व्यंजने उच्चारताना तोंडातून जाणारी हवा क्षणभर पूर्ण अडवली जाते. "आपला" या शब्दातील प-च्या वेळी आवाज क्षणमात्र थांबतो. याउलट "घर आहे" या दोन शब्दांच्या मधे तो थांबत नाही. शब्दांच्या सीमा ऐकू येत नाहीत. त्या ऐकणारा भाषेच्या ज्ञानावरून ठरवतो.

भारतीय व्याकरणपरंपरेस ही गोष्ट फार पूर्वीपासून परिचित आहे. ऋग्वेदाचा सलग पाठ 'संहितापाठ' म्हणून आणि शब्द सुटे करून म्हटलेला पाठ 'पदपाठ' म्हणून ओळखला जातो. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावाने प्रसिद्ध आहे. संस्कृतात शब्दांच्या सांध्यावर होणारे बदल लेखनातही दाखवले जातात व त्यांना संधी म्हणतात. मराठीत संधी लिहून दाखवण्याची प्रथा मुख्यतः तत्सम शब्दांपुरती आहे. दोन स्वतंत्र मराठी शब्दांच्या सांध्यावर बोलताना जे घडते ते लिहिले जात नाही. त्यामुळे वाचनावर पोसलेल्या कानास त्याचा सराव राहत नाही.

## भाषिक परिसर

धाराशिव जिल्हा मराठवाड्याच्या दक्षिण भागात आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा व वाशी हे त्याचे आठ तालुके होत. जिल्ह्यास सोलापूर, अहिल्यानगर, बीड व लातूर हे महाराष्ट्रातील जिल्हे लागून आहेत, तर आग्नेयेस कर्नाटकाची सीमा आहे. स्वातंत्र्यापूर्वी हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्र राज्यात आला. २०२३ साली जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव करण्यात आले.

येथील बोलण्याचे काही विशेष लगतच्या सोलापूर व लातूर भागांतही आढळतात, त्यामुळे जिल्ह्याची सीमा ही बोलीची सीमा नव्हे. पुढे दिलेली सर्व रूपे प्रत्येक व्यक्तीच्या तोंडी असतात असेही नाही. शाळा, कचेरी किंवा सभा यांतील औपचारिक बोलण्यात ती कमी होतात व घरी, शेतात, बाजारात अधिक येतात. एकच व्यक्ती एकाच मुलाखतीत आरंभी "गेलो होतो" आणि मन रमल्यावर "गेलतो" म्हणते.

## जोडउच्चार

धाराशिवच्या बोलण्यात, तसेच एकूण मराठीत, शब्दांच्या सांध्यावर मुख्यतः तीन गोष्टी घडतात.

पहिली गोष्ट म्हणजे व्यंजनान्त उच्चार पुढील स्वराला जाऊन मिळतो. "घर", "दूध", "पाऊस" हे शब्द लिहिताना अकारान्त दिसतात, परंतु उच्चारात त्यांचा शेवट व्यंजनाने होतो. पुढील शब्द स्वराने सुरू होत असेल तर ते व्यंजन त्या स्वराचे होते. "दूध आण" हे "दूधाण", "घर आहे" हे "घराहे", "पाऊस आला" हे "पाऊसाला" असे ऐकू येते. यातील शेवटच्या उदाहरणात "पावसाला" या चतुर्थीच्या रूपाचा भास होण्याइतके साम्य आहे. भेद मधल्या अक्षरात आहे. "पाऊस" मधला ऊ थोडा टिकून राहतो, तर "पावसाला" मध्ये त्या जागी व असतो. ऐकताना हा भेद निसटला तरी वाक्यरचना मदत करते, कारण "पावसाला" नंतर "कंटाळलो", "घाबरला" असे क्रियापद यावेच लागते आणि "पाऊस आला" येथे वाक्य पूर्ण होते.

दुसरी गोष्ट म्हणजे सारखे स्वर एकमेकांत मिसळतात. "मामा आला" या वाक्यात दोन आ लागोपाठ येतात आणि जलद उच्चारात त्यांचा एकच लांबट आ होतो. तो पुरेसा लांब न राहिल्यास ऐकणाऱ्यास "मामाला" असे वाटते. "बाबा आले" याचे "बाबाले" होते. वऱ्हाडी बोलीची सवय असलेल्या श्रोत्यास ते "बाबांना" या अर्थाचे वाटू शकते, कारण वऱ्हाडीत -ले हा चतुर्थीचा प्रत्यय आहे. म्हणून ध्वनिमुद्रणात एखादा आ नेहमीपेक्षा लांबलेला आढळला तर तेथे दोन शब्द असण्याची शक्यता तपासावी लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे शेवटचे व्यंजन पुढील व्यंजनाचे रूप घेते. "पाच जण" हे सहज बोलताना "पाज्जण" होते, "सात दिवस" हे "साद्दिवस" होते आणि "एक गाव" हे "एग्गाव"कडे झुकते. पुढील व्यंजन घोष असल्यामुळे आधीचे अघोष व्यंजनही घोष होते. येथे ध्वनी गळत नाही, केवळ बदलतो. त्यामुळे शब्दाची अक्षरसंख्या कायम राहते व अर्थ लावणे तुलनेने सोपे असते.

## दुर्बल रूपे

### आहे

प्रमाण मराठीतही "आहे" फार वेळा पूर्ण उच्चारले जात नाही. दोन स्वरांच्या मधला ह मराठी बोलण्यात सहज गळतो. "पाहिजे" चे "पायजे" व "नाही" चे "नाय" होते ते याच कारणाने. ह गळाल्यावर "आहे" मध्ये केवळ दोन स्वर उरतात. आधीचा शब्द स्वरान्त असेल तर ते त्यात विरून शेवटी य एवढाच अंश राहतो. आला आहे, केलं आहे, घरी आहे यांची अनुक्रमे आलाय, केलंय, घरीय ही रूपे अशी होतात. ती कथा-कादंबऱ्यांतील संवादांत व वृत्तपत्रांच्या मथळ्यांत लिहिली जात असल्याने वाचकाच्या ओळखीची असतात.

धाराशिवकडील ग्रामीण बोलण्यात सबल रूप पुष्कळदा "हाय" असते आणि त्याचे दुर्बल रूप पुन्हा य हेच असते. अनेकवचनात "आहेत" चा केवळ त उरतो. "पाहुणे आले आहेत" हे "पाव्हणं आल्यात" असे ऐकू येते. शेवटचा हा त शब्दाच्या अखेरीस असल्याने मंद उच्चारला जातो. तो निसटल्यास "आल्या" ऐकू येते आणि पाहुण्यांच्या जागी स्त्रिया आल्या असा गैरसमज होऊ शकतो.

### होता

"होता" चे दुर्बल रूप हे बाहेरच्या श्रोत्यास सर्वांत अधिक अडवणारे आहे. येथेही आरंभीचा ह गळतो. उरलेला ओ आधीच्या स्वरात मिसळतो आणि मग तो संयुक्त स्वरही झिजून जातो. परिणामी "गेला होता" चे "गेलता", "आली होती" चे "आलती", "केलं होतं" चे "केलतं", "गेलो होतो" चे "गेलतो" व "दिले होते" चे "दिलते" होते. वेग वाढला की ल व त एकमेकांना भिडून "गेल्ता", "केल्तं" असे जोडाक्षर ऐकू येते. "केलंय" प्रमाणे ही रूपे छापील मजकुरात सहसा दिसत नाहीत, म्हणून डोळ्यांना त्यांची ओळख नसते.

या रूपात मूळ क्रियापदाचे लिंग-वचन दाखवणारा शेवटचा स्वर नाहीसा होतो. "गेला" मधील आ, "गेली" मधील ई दोन्ही लोपतात. तरीही माहिती हरवत नाही, कारण तीच खूण "ता, ती, तं, ते, तो" या शेपटावर असते. ऐकणाऱ्याने शब्दाच्या मध्यावर लक्ष देण्याऐवजी शेवटावर लक्ष दिल्यास कोण गेले होते हे कळते.

### लागला

मराठवाड्याच्या या भागातील चालू क्रिया दाखवण्याची रीत प्रमाण मराठीहून वेगळी आहे. प्रमाण मराठीत "तो काम करत आहे" असे म्हणतात, येथे "तो काम करायलाय" असे म्हणतात. या रूपाच्या मागे "करायला लागला आहे" ही रचना आहे. "करायला" चा शेवटचा ला आणि "लागला" चे ला लागोपाठ येतात. सारखी अक्षरे जवळजवळ आली की त्यांतील काही गळतात. या बदलास समाक्षरलोप म्हणतात. त्यानंतर "आहे" चा य होतो आणि संपूर्ण रचना एका शब्दात मावते. लगतच्या लातूर भागात "जाऊ लागलो" पासून झालेले "जाऊलालो" हे रूपही ऐकू येते. त्यात मूळ लागलो अधिक स्पष्ट ओळखता येते.

याची नेहमी ऐकू येणारी रूपे पुढीलप्रमाणे आहेत :

* मी करायलोय (करत आहे)
* तू काय करायलास? (काय करत आहेस?)
* तो करायलाय, ती करायलीय
* ते करायलेत किंवा करायल्यात
* तो करायलता (करत होता)

शेवटच्या ओळीत "होता" चे दुर्बल रूप पुन्हा आले आहे. दोन नियम माहीत असतील तर तिसरे रूप वेगळे पाठ करावे लागत नाही.

या रूपाची मूळ रचना कळली म्हणजे अर्थ कळला असे मात्र होत नाही. प्रमाण मराठीत "पाऊस पडायला लागला आहे" म्हणजे पावसास सुरुवात झाली आहे. धाराशिवच्या बोलण्यात "पाऊस पडायलाय" म्हणजे पाऊस पडत आहे, मग तो आता सुरू झालेला असो की सकाळपासूनचा असो. लिप्यंतर करणारा "पडायला लागला आहे" असे 'शुद्ध' करून लिहील तर तो बोलणाऱ्याने न सांगितलेली गोष्ट लिहील.

## सबल रूप केव्हा येते

दुर्बल रूपे सर्वत्र येत नाहीत आणि ती कोठे येत नाहीत हे ऐकणाऱ्यास उपयोगी पडते. ज्या शब्दावर बोलणाऱ्यास भर द्यायचा असतो त्याचे रूप झिजत नाही. "घरी आहे का?" या प्रश्नाला "आहे की" किंवा "हाय की" असे उत्तर येते, केवळ "य" असे उत्तर कधीही येत नाही. "च" जोडल्यावरही पूर्ण रूप राहते, जसे "मी दिले होतेच". म्हणून सलग बोलण्यात अचानक पूर्ण "होते" ऐकू आले तर तो योगायोग नसतो. बहुधा बोलणारा कोणाचा तरी संशय खोडून काढत असतो.

नकारातही हाच भेद कामी येतो. "गेला नव्हता" याचा उच्चार "गेला नवता" असा होतो. त्यात ह गळतो, परंतु न टिकतो आणि "गेला" मधील आ देखील टिकतो. होकारार्थी "गेलता" मध्ये तो आ नसतो. ध्वनिमुद्रण अस्पष्ट असून न नीट ऐकू येत नसेल, तर ल-नंतर पूर्ण आ आहे की नाही हे पाहून होकार व नकार यांत निवड करता येते.

## अर्थभेदाचे एक उदाहरण

"पैसे दिलते" आणि "दिले ते पैसे" या दोन उच्चारांत "दिलते / दिले ते" हा भाग जवळजवळ सारखा असतो. पहिल्याचा अर्थ "पैसे दिले होते", म्हणजे व्यवहार त्या वेळेपूर्वीच पूर्ण झाला होता, असा आहे. दुसऱ्याचा अर्थ "जे पैसे दिले ते" असा असून त्यापुढे त्या पैशांविषयी काही सांगायचे बाकी असते. उसनवारी, मजुरी किंवा जमिनीच्या व्यवहाराविषयीच्या मुलाखतीचे लिप्यंतर करताना ही चूक झाल्यास सांगणाऱ्याचे म्हणणेच बदलते.

दोन्हींतील भेद ओळखण्याच्या खुणा दोन आहेत. "दिलते" मध्ये ल-नंतर स्वर नसतो किंवा अगदी पुसट असतो. "दिले ते" मध्ये ए स्पष्ट असतो आणि "ते" वर किंचित जोर असतो. तसेच "दिलते" बहुधा वाक्याच्या शेवटी येते व तेथे आवाज उतरतो, तर "दिले ते" नंतर नाम येते व आवाज चढता राहतो.

## एका वाक्यसमूहाचे विश्लेषण

पुढील मजकूर स्पष्टीकरणासाठी रचलेला आहे. जलद बोलण्यात तो असा ऐकू येईल :

> काल आमी तुळजापूरला गेल्तो, तवा पाऊसाल्ता म्हूनुशीर झाला. आता दादा शेतात काम करायलाय, आई घरीय.

प्रथम शब्दांचे शेवट पाहावेत. "गेल्तो" व "पाऊसाल्ता" यांच्या शेवटी तो आणि ता आहेत, म्हणजे दोन्ही ठिकाणी "होता" चे रूप असण्याचा संभव आहे. "गेल्तो" चे "गेलो होतो" होते आणि वाक्यातील "आमी" या कर्त्याशी ते जुळते.

"पाऊसाल्ता" हा एक शब्द म्हणून मराठीत नाही. शेवटचा ता वेगळा काढल्यावर "पाऊसाल" उरते. व्यंजन पुढील स्वराला मिळते हा नियम उलट लावल्यास स आणि आ यांच्या मधे शब्दसीमा येते : "पाऊस" आणि "आल्ता". दुसरा भाग म्हणजे "आला होता". येथे "पावसाला" असे ऐकणाऱ्यास शेवटच्या ता-चा अर्थ लावता येत नाही आणि तेथेच आपली फोड चुकल्याचे कळते.

"म्हूनुशीर" मध्येही तीच क्रिया आहे. "म्हणून" चे या भागातील झिजलेले रूप "म्हून" आहे आणि त्याचा न "उशीर" मधील उ-ला मिळाला आहे. एका ठिकाणी झीज व जोड दोन्ही आल्यामुळे "म्हणून उशीर" यातील अक्षरांपेक्षा कमी अक्षरे ऐकू येतात.

"करायलाय" च्या बाबतीत पुढे काय आले ते पाहावे लागते. "करायला" नंतर "गेला", "आला", "सांगितलं" असे क्रियापद आले असते तर ते 'करण्यासाठी' या अर्थाचे नेहमीचे रूप ठरले असते. येथे तसे क्रियापद नाही व शेवटी य आहे, म्हणून अर्थ "करत आहे" असा होतो. "घरीय" मधील य म्हणजे "आहे". संपूर्ण मजकूर प्रमाण मराठीत पुढीलप्रमाणे होईल : "काल आम्ही तुळजापूरला गेलो होतो, तेव्हा पाऊस आला होता म्हणून उशीर झाला. आता दादा शेतात काम करत आहे, आई घरी आहे."

## ध्वनिमुद्रण ऐकण्याची पद्धत

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे सर्वेक्षण केले असून त्यात बोलीभाषकांची कथने ध्वनिमुद्रित करून लिखित रूपासह उपलब्ध करून दिली आहेत. ध्वनी व लेखन दोन्ही हाताशी असलेले असे साहित्य कान तयार करण्यास सोयीचे असते. मात्र लिखित रूप आधी वाचल्यास कान ते शब्द 'ऐकल्याचा' भास निर्माण करतो, म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो.

प्रथम पाच-सहा सेकंदांचा एकच तुकडा घेऊन मजकूर न पाहता दोन-तीन वेळा ऐकतात. जे ऐकू आले ते शब्द न पाडता, अर्थाचा विचार न करता, केवळ अक्षरे म्हणून लिहितात. त्यानंतर शेवटी येणारे य, त, ता, ती, तं, तो शोधून त्यांखाली खूण करतात. पुढे जेथे निरर्थक लांब शब्द तयार झाला असेल तेथे व्यंजन आणि स्वर यांच्या मधे तोडून पाहतात. तयार झालेली फोड कर्ता, लिंग व वचन यांच्याशी जुळते का ते तपासतात आणि मगच लिखित रूपाशी ताडून पाहतात. अखेरीस तोच तुकडा पुन्हा मूळ वेगात ऐकतात. याच शेवटच्या ऐकण्यात झिजलेले रूप व त्याचा अर्थ यांची कानात गाठ पडते.

ध्वनिमुद्रणाचा वेग कमी करणे हा उपाय सर्वत्र वापरला जातो, परंतु त्याचा उपयोग मर्यादित आहे. वेग कमी केल्याने असलेले ध्वनी लांबतात. गळलेले ध्वनी परत येत नाहीत. "गेलता" निम्म्या वेगाने ऐकले तरी ते लांबट "गेलता" च राहते, "गेला होता" होत नाही. पाज्जण, साद्दिवस अशा बदललेल्या व्यंजनांसाठी मात्र वेग कमी करणे उपकारक ठरते.

## इंग्रजी ध्वनिमुद्रणाशी तुलना

मराठी भाषकांस इंग्रजी ध्वनिमुद्रण समजण्यात येणारी अडचण याच स्वरूपाची आहे. मराठीत रुळलेले व शाळेत शिकलेले इंग्रजी शब्द पूर्ण रूपात असतात. ऑफ, अँड, टू, फॉर, कॅन असे प्रत्येक अक्षर मराठी भाषक स्पष्ट उच्चारतो. मातृभाषा म्हणून इंग्रजी बोलणाऱ्यांच्या बोलण्यात मात्र या शब्दांतील स्वर झिजून मराठी अ-च्या जवळचा, अतिशय ऱ्हस्व असा होतो. "कप ऑफ टी" हे "कपवटी", "ब्रेड अँड बटर" हे "ब्रेडन्बटर" असे ऐकू येते. "टर्न इट ऑफ" हे "टर्निटॉफ" होते. यातील जोड "दूध आण" चे "दूधाण" होण्यासारखीच आहे.

सबल व दुर्बल रूपांचा भेद इंग्रजीतही अर्थ ठरवतो. "आय कॅन गो" या होकारार्थी वाक्यात "कॅन" चे "कन" होते व जोर "गो" वर जातो. नकारार्थी "कान्ट" किंवा अमेरिकी "कॅन्ट" मध्ये स्वर पूर्ण राहतो, परंतु शेवटचा ट पुष्कळदा ऐकू येत नाही. मराठी श्रोता त्या ट-ची वाट पाहतो आणि तो न मिळाल्याने नकारास होकार समजतो. तेथे व्यंजनाऐवजी स्वर ऐकावा लागतो : झिजलेला अ म्हणजे होकार, पूर्ण स्वर म्हणजे नकार. "गेलता" आणि "गेला नवता" यांत ल-पुढील स्वरावरून निवड करणाऱ्या कानास ही रीत नवी नाही.

## मर्यादा

या ज्ञानाने शब्दांच्या सीमा व व्याकरणिक रूपे कळतात. अपरिचित शब्दांचा अर्थ कळत नाही. सीमाभागातील बोलण्यात येणारे कन्नड शब्द किंवा दखनीतून आलेले शब्द स्वतंत्रपणे माहीत असावे लागतात. दूरध्वनीवरील ध्वनिमुद्रणात उच्च कंपनसंख्या कापल्या जात असल्याने स, श, फ यांसारखी व्यंजने मुळातच पुसट होतात आणि तेथे गळलेला ध्वनी बोलण्यात गळला की यंत्रात, हे सांगता येत नाही. दोघे एकाच वेळी बोलत असतील तर शब्दांचे शेवटच झाकले जातात, आणि वर सांगितलेली बहुतेक ओळख शेवटांवर अवलंबून आहे.

काही ठिकाणी सर्व खुणा तपासूनही दोन फोडी सारख्याच शक्य ठरतात. अशा वेळी लिप्यंतरात ऐकू आलेले रूप जसेच्या तसे लिहून दोन्ही अर्थ नोंदवणे योग्य ठरते. "दिलते" लिहिलेले असल्यास पुढील वाचक ध्वनिमुद्रण ऐकून निर्णय तपासू शकतो. त्या जागी थेट "दिले ते" लिहिले गेल्यास शंका होती हेच कोणास कळत नाही.